चारशे पोती, तीन दुकानं

पेरणीच्या तोंडावर डीएपीचा तुटवडा पडतो, तेव्हा तालुक्याच्या घाऊक विक्रेत्याला एकच प्रश्न छळतो: आलेला माल कृषी सेवा केंद्रांना वाटायचा कसा? समजा, त्याच्याकडे चारशे पोती आली आणि तीन दुकानांची खरी गरज आहे अनुक्रमे शंभर, तीनशे आणि चारशे.

पहिला विचार मागणीच्या प्रमाणात वाटण्याचा. मागणी आठशे, माल निम्मा, म्हणून पन्नास, दीडशे आणि दोनशे. पण पुढच्या खेपेला तिसरा दुकानदार चारशेऐवजी बाराशे लिहितो. एकूण मागणी सोळाशे होते आणि प्रत्येकाला चौथा हिस्सा मिळतो. त्याच्या पदरात तीनशे पडतात, खरं लिहिणाऱ्या दोघांना पंचवीस आणि पंचाहत्तर. मग तेही आकडा फुगवतात. कंपनीला वाटतं, मागणी दुप्पट झाली. माल मुबलक आला की हीच मागणी रातोरात रद्द होते, आणि ती खोटी होती हे तेव्हा कळतं. ली, पद्मनाभन आणि व्हांग या अभ्यासकांनी 1997 साली पुरवठासाखळीतल्या या खेळावर लिहिलं आहे.

दुसरी रीत समान वाट्याची: प्रत्येकाला सारखं, पण मागितल्यापेक्षा जास्त कुणालाच नाही. लहान दुकानाची शंभराची गरज पुरी भागते, उरलेल्या तीनशेतून दोघांना दीडदीडशे. इथे बाराशे लिहूनही दीडशेच मिळतात, म्हणून आकडा फुगवण्यात काही हशील राहत नाही. मात्र मोठ्या दुकानावर अवलंबून असलेली गावं उपाशी राहतात, आणि एकाच घरात दोन परवाने असतील तर दोन वाटे जातात. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिलं तर मला ही रीत पटत नाही.

म्हणून मागणीच्या चिठ्ठीपेक्षा विक्रीची नोंद धरावी. खताचं अनुदान 2018 पासून देशभर पॉस मशीनवर नोंदलेल्या विक्रीनुसारच कंपनीला मिळतं, त्यामुळे कोणत्या दुकानातून किती पोती गेली हे कागदावर असतं. गेल्या हंगामातल्या त्याच आठवड्यांची विक्री घ्यायची आणि त्या प्रमाणात वाटायचं. नव्या दुकानाला मागची विक्रीच नसते, त्याच्यासाठी थोडा माल आधीच बाजूला काढावा लागतो.

खरी गोम पुढे आहे. एका दुकानाने महिन्यात नव्वद पोती विकली, पण माल नऊच दिवस होता. नोंद नव्वद सांगते, तर दिवसाला दहा या दराने महिन्याची गरज तीनशे निघते. नव्वद धरले तर गेल्या वर्षी कमी मिळालेल्याला यंदाही कमीच मिळतं, आणि अन्याय दरवर्षी पुढे सरकतो. उलट तुटवड्यात माल दिसताच झुंबड उडते, त्यामुळे तीनशेचा आकडाही थोडा चढाच असणार. शेजारच्या, महिनाभर माल असलेल्या दुकानाच्या विक्रीशी तो ताडून पाहावा आणि मगच हिस्सा ठरवावा.