किलोचा भाव आणि ताटातला भाव

कोल्हापुरातल्या एखाद्या मध्यम खानावळीचा हिशेब घेऊ. आकडे नमुन्याचे आहेत, पण प्रमाण रोजच्या स्वयंपाकघरातलंच. मालक सकाळी खाटकाकडून हाडासकट ५ किलो मटण आणतो. भाव ८०० रुपये किलो, म्हणजे ४,००० रुपये झाले. थाळीत माणशी १५० ग्रॅम मटण द्यायचं ठरलेलं आहे. मनातला हिशेब सरळ असतो: ५ किलोत ३३ थाळ्या, एका थाळीत १२० रुपयांचं मटण. दुपारी मात्र विसावी थाळी वाढली की पातेल्यात फोडी संपतात.

उरलेल्या १३ थाळ्या कुठे गेल्या? आचाऱ्यावर संशय घेण्याआधी काटा बाहेर काढायला हवा. विकत घेतलेल्या मालातून वापरण्याजोगं किती हाती येतं हे मोजण्याला हॉटेल व्यवसायात ‘यील्ड टेस्ट’ म्हणतात. साध्या मराठीत, मटणाचा उतारा काढायचा. त्यासाठी वजन तीनदा करायचं: माल आला तेव्हा, साफ करून झाल्यावर आणि शिजल्यावर.

आपल्या खानावळीत पहिलं वजन ५ किलो. फोडींवरची जादा चरबी, पडदे, हाडांचे बारीक तुकडे काढल्यावर ते ४ किलो ७०० ग्रॅम उरलं. मग मटण शिजवलं, फोडी जाळीवर काढून पाणी निथळू दिलं आणि पुन्हा वजन केलं. ते भरलं ३ किलो. साफसफाईत गेले ३०० ग्रॅम, शिजताना गेले १,७०० ग्रॅम. खरी गळती चुलीवर होते, पण बहुतेकांचं लक्ष खाटकाच्या सुरीकडे असतं.

चुलीवर एवढं वजन घटतं याचं कारण मांसाच्या घडणीत आहे. चरबी नसलेल्या कच्च्या मांसात सुमारे तीन चतुर्थांश पाणीच असतं. ते धाग्यांसारख्या स्नायूंमध्ये धरून ठेवलेलं असतं. उष्णता लागली की हे धागे आखडतात. त्यांच्याभोवतीचं कोलॅजेनचं आवरण साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास आकसायला लागतं आणि आतलं पाणी पिळून बाहेर काढतं. चरबी वितळते ती वेगळीच. जून बोकडाचं मटण मऊ व्हायला जास्त वेळ घेतं, त्यामुळे एकाच भावाच्या दोन मटणांचा उतारा सारखा येईलच असं नाही.

आता १२० रुपयांचा हिशेब का फसला ते दिसतं. मालकाने १५० ग्रॅम धरले ते कच्च्या मटणाचे आणि वाढप्याने वाढले ते शिजलेल्या फोडींचे. शिजलेल्या ३ किलोंच्या १५० ग्रॅमप्रमाणे २० थाळ्याच होतात. ४,००० भागिले २०, म्हणजे थाळीमागे मटण पडलं २०० रुपयांना. दर थाळीला ८० रुपयांची ही चूक आहे आणि ती काट्यावर माप चुकल्यामुळे झालेली नाही. ‘१५० ग्रॅम’ म्हणजे कच्चं की शिजलेलं, हे कुणीच लिहून ठेवलं नव्हतं. म्हणून पाककृतीच्या वहीत प्रत्येक वजनापुढे हा एक शब्द असायलाच हवा.

इथे हमखास एक प्रश्न येतो. ते १,७०० ग्रॅम वाया कुठे गेले? त्यातला बराचसा भाग अळणी पाण्यात उतरला आणि त्याच पाण्याचा तांबडा-पांढरा रस्सा झाला. खरं आहे, पण म्हणून त्याची किंमत मटणातून वजा करता येत नाही. तो रस्सा त्याच थाळीत, त्याच पैशांत, वाटीवर वाटी वाढला जातो. त्याची वेगळी विक्री होत नाही. नारळ, तीळ, खसखस, मिरची यांचा खर्च मात्र वरून मिळवावा लागतो.

कोंबडीची गोष्ट वेगळी आहे, कारण तिचे भाग सुटे सुटे विकता येतात. समजा, एका हॉटेलाला टिक्क्यासाठी बोनलेस हवं आहे. त्याने कातडी काढलेल्या, साफ केलेल्या १० कोंबड्या घेतल्या. वजन १२ किलो, भाव २२० रुपये, एकूण २,६४० रुपये. कापल्यावर ब्रेस्टचं मांस ३ किलो ६०० ग्रॅम आणि मांडी-तंगडीचं बोनलेस २ किलो ७०० ग्रॅम निघालं. पंख १ किलो २०० ग्रॅम, पाठ आणि हाडं ४ किलो २०० ग्रॅम. बेरीज ११ किलो ७०० ग्रॅम होते. राहिलेले ३०० ग्रॅम म्हणजे निथळलेलं पाणी आणि फळीवर राहिलेलं बारीकसारीक.

ही बेरीज जुळवणं हा चाचणीचा कणा आहे. दोन-अडीच टक्के घट चालते. त्याहून जास्त तूट आली तर टबाचं वजन वजा करायचं राहिलं असेल, एखादा भाग मोजायचा राहिला असेल किंवा कोंबडी पाण्यात भिजलेली आली असेल. शेवटची शंका फेडणं सोपं आहे: पिशवीतून काढल्यावर माल जाळीवर निथळू द्यायचा आणि निथळण्याआधीचं व नंतरचं वजन ताडून पाहायचं. पाणीही २२० रुपये किलोनेच घेतलेलं असतं.

पुढचा हिशेब जोडमालाचा. पंखांचं लॉलीपॉप होतं, म्हणून त्यांना बाजारातल्या २०० रुपयांच्या भावाने २४० रुपये धरले. हाडं सूपला जातात, त्यांना ४० रुपयांनी १६८. हे ४०८ रुपये २,६४० मधून वजा केले की २,२३२ उरतात. भागिले ६ किलो ३०० ग्रॅम, म्हणजे बोनलेस पडलं साधारण ३५४ रुपये किलो.

हा आकडा किती नाजूक आहे ते पाहा. सूप चालत नसेल आणि हाडं कचऱ्यात जात असतील, तर तेच बोनलेस ३८१ रुपयांना पडतं. लॉलीपॉपही खपत नसेल तर ४१९ रुपयांना. जोडमालाला किंमत द्यायची ती खरोखर विकला जाणाऱ्या भागालाच. कागदावर हाडांना भाव लावून ती रात्री फेकून देणाऱ्या हॉटेलांचा नफा याच ओळीत हरवतो. शिवाय कापणाऱ्याची मजुरी अजून धरलेलीच नाही. बाजारात तयार बोनलेस ३५० रुपयांना मिळत असेल, तर या हॉटेलाने आख्खी कोंबडी घेण्यात अर्थ नाही. रोज सूपची दोन पातेली खपवणाऱ्या आणि कापायला आपलाच माणूस असणाऱ्या शेजाऱ्याचं गणित उलटं येऊ शकतं.

काही गल्ल्यांमध्ये कोंबडीचा भाव जिवंत वजनाचा सांगतात. तेव्हा २ किलोच्या ब्रॉयलरमधून कातडी काढून साधारण १ किलो ३०० ग्रॅमच हातात येतं, आणि वरचा सगळा हिशेब तिथून पुढे सुरू होतो. दोन दुकानांचे भाव ताडताना हे आधी विचारायला हवं.

एका दिवसाच्या चाचणीवर मेन्यूचे दर ठरवू नयेत. वेगवेगळ्या दिवशी चार-पाचदा वजनं घेऊन सरासरी काढावी आणि खाटीक किंवा कापणारा माणूस बदलला की पुन्हा घ्यावीत. सरासरी हाती आली की रोज चाचणी लागत नाही. खानावळीच्या मटणात ५ किलोचे ३ किलो झाले, म्हणजे गुणक १.६७ च्या आसपास. आखाडात मागणी वाढून भाव ८४० झाला, तर शिजलेलं मटण १,४०० रुपये किलो पडतं आणि १५० ग्रॅमची थाळी २१० रुपयांची. त्या २१० रुपयांतही एकाच्या ताटात नळी येते आणि दुसऱ्याच्या ताटात लुसलुशीत फोडी. वाढप्याने दोन्ही वजनाने सारखंच वाढलेलं असतं, पण नळीवाल्याच्या १५० ग्रॅममध्ये मांस बरंच कमी असतं. म्हणून जाणती खानावळ फोडी वाढण्याआधी हाडाच्या आणि मांसाच्या वेगळ्या काढते आणि प्रत्येक ताटात दोन्हींचा वाटा घालते.