तिरका आत, तितकाच तिरका बाहेर

कागदावर एक आडवी रेघ मारा. रेघेच्या वर सगळीकडे 1 टेस्लाचे चुंबकीय क्षेत्र आहे, त्याची दिशा कागदातून आपल्याकडे. रेघेखाली काहीच नाही. आता खालून, रेघेशी 30 अंशांचा कोन करून, उजवीकडे झुकलेला एक प्रोटॉन सेकंदाला 1 कोटी मीटर वेगाने आत शिरतो.

चुंबकीय बल नेहमी वेगाला काटकोनात असते. त्यामुळे प्रोटॉनचा वेग ना वाढतो ना घटतो, फक्त दिशा एकसारखी वळत राहते आणि मार्ग वर्तुळाचा होतो. या वर्तुळाची त्रिज्या सुमारे 10.4 सेंटिमीटर भरते. पण वर्तुळ पुरे होत नाही. रेघ त्याला छेदते, म्हणजे ती त्या वर्तुळाची जीवा ठरते, आणि जीवेच्या दोन्ही टोकांना वर्तुळ तिच्याशी सारखाच कोन करते. म्हणून 30 अंशांनी आत गेलेला प्रोटॉन 30 अंशांनीच बाहेर पडतो, शिरल्या जागेपासून 10.4 सेंटिमीटर उजवीकडे. एकूण तो 60 अंश वळला.

आता प्रोटॉनऐवजी प्रतिप्रोटॉन पाठवू. वस्तुमान तेच, विद्युतभार उलटा. तो डावीकडे वळतो, 300 अंशांचा लांबचा फेरा मारतो आणि तेवढ्याच अंतरावर, पण डावीकडे बाहेर येतो. बाहेर पडतानाची दिशा मात्र दोघांची अगदी एकच! नुसता कोन मोजून विद्युतभाराचे चिन्ह कळणार नाही. त्यासाठी कण कुठून निघाला हे पाहावे लागते.

किंवा किती वेळाने निघाला हे. मला स्वतःला हाच भाग सर्वांत सुंदर वाटतो. या क्षेत्रात पूर्ण फेरीला सुमारे 65.6 नॅनोसेकंद लागतात. प्रोटॉनने फेरीचा सहावा हिस्सा कापला, म्हणजे 10.9 नॅनोसेकंद, प्रतिप्रोटॉनला उरलेले 54.7 लागले. गंमत अशी, की वेग दुप्पट केला तरी हे आकडे बदलत नाहीत. वेगाबरोबर त्रिज्याही दुप्पट होते, वाटही दुप्पट, वेळ तेवढाच. अर्नेस्ट लॉरेन्स यांचा सायक्लोट्रॉन यावरच उभा राहिला: कण वेगवान होत गेला तरी अर्धी फेरी ठरल्या वेळातच पुरी होते, त्यामुळे विद्युतदाबाचे चक्र एकाच ठेक्यात चालवता येते. वेग प्रकाशाच्या जवळ जाऊ लागला की मात्र फेरीचा वेळ वाढतो आणि ठेका चुकतो.

क्षेत्राची खोलीही पाहावी लागते. आपला प्रोटॉन जेमतेम 1.4 सेंटिमीटर आत जातो, प्रतिप्रोटॉन तब्बल 19.5. क्षेत्राचा पट्टा 15 सेंटिमीटरच रुंद असेल, तर प्रोटॉन निमूट परत येईल. प्रतिप्रोटॉन पलीकडच्या कडेतून निसटेल, आणि तिथे त्याचा कोन 30 अंशांचा नसेल. खऱ्या चुंबकाची कड तर रेघेसारखी धारदार नसतेच. क्षेत्र कडेबाहेरही थोडे पसरून हळूहळू विरते, म्हणून कण रेघेच्या अलीकडेच वळू लागतो.