अनामिका कुठं संपते, शाई कुठं सुरू होते

तबलावादकाचा एक फोटो आहे आणि संगणकाकडून त्याला जाड रंगांतल्या चित्राचं रूप देऊन घेतलंय, असं समजा. हाती आलेलं कच्चं चित्र लांबून झकास दिसतं. कुर्त्याच्या चुण्या, मागची भिंत, बैठकीवरचा उजेड, सगळं जमलेलं असतं. जवळ जाऊन पाहिलं की मात्र उजव्या हाताची अनामिका तबल्याच्या शाईत विरघळलेली दिसते आणि डोळ्यांच्या जागी दोन तपकिरी डाग असतात.

असं होण्याचं कारण साधं आहे. शैली बदलणारी यंत्रणा कुंचल्याचे फटकारे चित्रभर साधारण एकाच जाडीनं पसरवते. कुर्त्यावर फटकारा थोडा इकडेतिकडे झाला तर कुणाच्या लक्षात येत नाही. बुबुळ मुळातच एका फटकाऱ्याएवढं असतं, त्यामुळे तिथं चेहराच बदलतो. म्हणून हातानं दुरुस्ती करायची ती फक्त तीन ठिकाणी: हात, डोळे आणि कडा. बाकी चित्राला हात न लावणं हेही एक कौशल्यच आहे, आणि नवशिक्यांना तेच जड जातं.

क्रिटा हा चित्रकलेचा मोफत प्रोग्राम या कामाला सोयीचा आहे. कच्चं चित्र तळाच्या लेअरवर ठेवून तिला कुलूप लावायचं. वर तीन रिकाम्या लेअर घ्यायच्या, खालून वर ‘हात’, ‘डोळे’, ‘कडा’ अशा क्रमानं. सगळ्यांत वर मूळ फोटो, कच्च्या चित्राच्याच मापाचा, तीसेक टक्के अपारदर्शक. फोटो हा मार्गदर्शक आहे, त्याचे रंग आपल्याला नकोत. क्रिटात ब्रश हाती असताना Ctrl दाबून टिचकी मारली की त्या जागेचा रंग उचलला जातो, पण उचलला जातो तो दिसणाऱ्या सगळ्या लेअरींचा मिळून. फोटो चालू राहिला तर त्वचेचा रंग राखाडी, मळकट येत जातो आणि कारण लवकर सापडत नाही. तेव्हा आकार बघून झाला की फोटो लपवायचा आणि मगच रंग उचलायचा.

सुरुवात हातापासून. एकेक बोट दुरुस्त करत बसू नये. आधी तळहाताचा मधला रंग उचलून सगळी बोटं जोडलेला एकच सपाट आकार रंगवायचा, मग बोटांमधल्या सावल्या काढून ती वेगळी करायची. इथं तबल्याची माहिती कामाला येते. ‘ना’ वाजवताना तर्जनी चाटेवर पडते आणि अनामिका शाईच्या कडेला हलकी टेकलेली असते. यंत्रानं नेमका शाईचा काळा रंग आणि बोटाखालची सावली एक करून टाकलेली असते. शाई निळसर काळी ठेवली आणि सावलीत थोडा तांबूस रंग घातला की दोन्ही सुटे दिसतात.

डोळ्यांत पांढरा रंग वापरायचा मोह होतो. पण वरच्या पापणीची सावली डोळ्याच्या पांढऱ्या भागावर पडलेली असते, तो गालाच्या उजळ रंगाहून फारसा पांढरा नसतो. खरा उजेड एका ठिपक्यात, आणि दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला. मग M दाबायचं. चित्र आरशातल्यासारखं उलटं दिसतं आणि एक डोळा वर सरकला असेल तर ताबडतोब खुपतो. आणखी एक खूण: भोवतीचे फटकारे खरबरीत आणि डोळा मात्र गुळगुळीत झाला असेल तर तो वरून चिकटवल्यासारखा वाटतो. मऊ ब्रश सोडून खरबरीत ब्रश घ्या, तपशील कमी राहिला तरी चालेल.

कडा अगदी शेवटी, त्यालाही कारण आहे. रंग ओढून मिसळणाऱ्या ब्रशमध्ये Overlay हा पर्याय चालू केला की तो खालच्या लेअरींचेही रंग घेतो आणि मिसळलेला रंग आपल्या ‘कडा’ लेअरवर उमटवतो. म्हणजे त्या लेअरवर खालच्या चित्राची प्रत तयार होते. नंतर बोट जरा हलवलं तर जुनी कड भुतासारखी तिथंच राहते. संशय आला तर ‘कडा’ लपवून पाहावी, भूत नाहीसं झालं तर तेवढा भाग खोडून पुन्हा ओढायचा. सगळ्याच कडा धारदार करू नयेत. चेहरा आणि वाजवणारा हात यांच्या ठळक ठेवाव्यात, कुर्त्याची पाठीमागची कड भिंतीत मिसळू द्यावी.

शेवटी तळाची लेअर लपवून फक्त आपलं काम बघा. दोन डोळे, एक हात आणि काही रेघा तरंगताना दिसल्या तर ठीक. गालाचा मोठा तुकडाही आला असेल तर हात सैल सुटला आहे. आणि कच्च्या चित्रात मान वाकडी किंवा उजेडाची दिशाच चुकलेली असेल, तर या तीन लेअरी काही करू शकत नाहीत. ते चित्र पुन्हा काढवून घ्यावं.