एक आकडा, अख्खा रकाना

दर वाढवायची वेळ आली की छोट्या व्यावसायिकाच्या टेबलावर एकीकडे कॅल्क्युलेटर आणि दुसरीकडे एक्सेलची शीट, असं चित्र हमखास दिसतं. जुना दर बघायचा, कॅल्क्युलेटरवर पाच टक्के वाढवायचे, आलेला आकडा सेलमध्ये टाइप करायचा आणि पुढच्या ओळीकडे वळायचं. चाळीस जिन्नस असले की तासभर सहज जातो आणि एखाद्या ठिकाणी आकड्यांची उलटापालट होतेच. एक्सेलमध्ये हेच काम एका फटक्यात होतं. त्यासाठी फॉर्म्युला लिहावा लागत नाही आणि जास्तीचा रकानाही लागत नाही. वाढीचा गुणक एका सेलमध्ये लिहून कॉपी करायचा आणि दरांच्या रकान्यावर पेस्ट करायचा. मात्र ही पेस्ट साधी नसते. आधीचा आकडा पुसून नवा बसवण्याऐवजी ती दोघांचा गुणाकार करते.

घरगुती मसाले आणि पिठं विकणाऱ्या एखाद्या बचत गटाची दरपत्रिका उदाहरणाला घेऊ. A रकान्यात जिन्नसाचं नाव, B मध्ये वजन आणि C मध्ये किरकोळ दर. अडीचशे ग्रॅम गोडा मसाला २४० रुपये, दोनशे ग्रॅम मेतकूट ९० रुपये, अर्धा किलो थालीपीठ भाजणी ८५ रुपये, अर्धा किलो कांदा-लसूण मसाला ३१० रुपये. यादी C2 पासून C41 पर्यंत जाते. सगळे दर पाच टक्क्यांनी वाढवायचे आहेत.

शीटच्या कडेला एखाद्या रिकाम्या सेलमध्ये `1.05` लिहा. तो सेल निवडून Ctrl+C दाबा, म्हणजे त्याच्याभोवती तुटक रेषेची हलती चौकट दिसू लागेल. आता C2 ते C41 निवडा आणि Ctrl+Alt+V दाबा. Paste Special नावाची खिडकी उघडेल. तिचे दोन भाग आपल्या कामाचे आहेत. वरच्या भागात Values निवडा, खालच्या Operation या भागात Multiply निवडा आणि OK करा. गोडा मसाला २५२ होतो, मेतकूट ९४.५०, भाजणी ८९.२५ आणि कांदा-लसूण मसाला ३२५.५०. काम झालं की Esc दाबून ती चौकट घालवा आणि कडेचा `1.05` पुसून टाका.

गुणकात पहिला घोटाळा होतो. पाच टक्के वाढवायचे म्हणून `5%` लिहून Multiply केलं, तर २४० चे १२ होतात, कारण ५ टक्के म्हणजे ०.०५ आणि त्याने गुणलं की फक्त वाढीची रक्कम उरते. `5%` लिहून Add केलं, तर २४० चे २४०.०५ होतात. पैशांचे आकडे लपवलेले असतील तर दर बदललेच नाहीत असं वाटतं. टक्केवारीने वाढवायचं असेल तेव्हा मूळ रकमेसकट गुणायचं, म्हणजे १.०५. आठ टक्के सूट द्यायची असेल तर ०.९२. प्रत्येक पाकिटामागे सरसकट तीन रुपये वाढवायचे असतील, तर मात्र `3` कॉपी करून Add. Subtract आणि Divide यांचं कामही असंच चालतं. रुपयांतले आकडे लाखांत दाखवायचे असतील, तर `100000` कॉपी करून Divide केलं की झालं.

वरच्या भागात Values निवडण्याचा आग्रह का, तेही पाहू. तिथे आधीपासून All निवडलेलं असतं. ते तसंच ठेवलं तर हिशेब बरोबर येतो, पण कडेच्या त्या सेलचं रूपही दरांवर चढतं. तुम्ही आखलेल्या चौकटी, भरलेले रंग आणि रुपयाचं चिन्ह नाहीसं होतं. गुणक `105%` असा लिहिला असेल तर गोडा मसाल्यासमोर 25200% झळकतं. आत आकडा २५२ च असतो, पण टक्केवारीच्या रूपात दिसतो. Values निवडलं की फक्त आकड्याचा हिशेब होतो आणि शीटचं रूप जसंच्या तसं राहतं.

आता रिकाम्या सेलचा प्रश्न. कुरडया फक्त उन्हाळ्यात मिळतात, म्हणून त्यांच्यासमोरचा दर कोरा ठेवला आहे असं समजा. गुणाकारानंतर तिथे शून्य येतं आणि दरपत्रिका छापून गेली तर कुरडया फुकट असल्यासारखं दिसतं. बेरीज केली असती तर त्या जागी ३ रुपये आले असते. एक्सेल रिकामा सेल शून्य धरतं, म्हणून हे होतं. Paste Special च्या खिडकीत Skip blanks असा पर्याय दिसतो आणि तो यावरचा उपाय वाटतो, पण त्याने हा प्रश्न सुटत नाही. तो कॉपी केलेल्या भागातल्या रिकाम्या सेलसाठी आहे, ज्यांवर पेस्ट करतो त्यांच्यासाठी नाही. खरा उपाय निवडीच्या वेळीच करावा लागतो. दरांचा पट्टा निवडल्यावर Ctrl+G दाबा, Special वर जा, Constants निवडा आणि खालच्या खुणांपैकी फक्त Numbers ची खूण ठेवा. OK केलं की ज्या सेलमध्ये हाताने टाइप केलेला आकडा आहे तेवढेच निवडलेले राहतात. रिकामे, मजकुराचे आणि फॉर्म्युल्याचे सेल वगळले जातात. मग Ctrl+Alt+V.

शीर्षकं किंवा जिन्नसांची नावं निवडीत आली तरी बिघडत नाही, एक्सेल मजकुराला हात लावत नाही. पण तारखेबाबत सावध राहावं लागतं. एक्सेलच्या लेखी तारीख हाही एक आकडाच आहे. १ जून २०२५ ही तारीख आत ४५८०९ म्हणून साठवलेली असते. तिला १.०५ ने गुणलं की ती थेट सप्टेंबर २०३१ मध्ये जाते. आणि Constants-Numbers च्या निवडीत तारखाही येतात, म्हणून तारखांचा रकाना सुरुवातीलाच बाहेर ठेवावा. हाच गुण कधी उपयोगीही पडतो. मालाची पोहोच आठवडाभर लांबली, तर `7` कॉपी करून तारखांवर Values आणि Add केलं की सगळ्या तारखा सात दिवसांनी पुढे सरकतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक फॉर्म्युल्याच्या रकान्यात होते. आपल्या दरपत्रिकेत D रकान्यात डझनाचा घाऊक दर आहे असं धरू. बारा पाकिटांच्या किमतीवर दहा टक्के सूट, म्हणजे D2 मध्ये असा फॉर्म्युला:

```
=C2*12*0.9
```

गोडा मसाल्याचा डझनाचा दर आधी २,५९२ रुपये होता. किरकोळ दर २५२ झाला की D2 आपोआप २,७२१.६० होतो. तिथे काही करायची गरज नसते. पण C आणि D दोन्ही रकाने एकदम निवडून गुणाकार केला, तर एक्सेल फॉर्म्युला पुसत नाही, त्याला कंस घालून पुढे गुणक जोडतं:

```
=(C2*12*0.9)*1.05
```

C2 आधीच वाढलेला असतो आणि त्यावर पुन्हा पाच टक्के चढतात. आता डझनाचा दर २,८५७.६८ दिसतो. वाढ पाच टक्क्यांऐवजी १०.२५ टक्के झाली आणि घाऊक गिऱ्हाईक दर डझनामागे १३६ रुपये जास्त मोजणार. आकडा दिसायला अगदी रास्त वाटतो, म्हणून ही चूक नजरेतून सहज निसटते. ओळखायची खूण म्हणजे सेलवर क्लिक करून वरच्या फॉर्म्युला बारमध्ये शेवटी जास्तीचा `*1.05` आला आहे का ते पाहायचं. मूळ आकड्यांचा रकानाच गुणायचा, त्यावर अवलंबून असलेल्या रकान्यांना हात लावायचा नाही, हा नियम पाळला की हा प्रसंग येत नाही.

पुढचा मुद्दा पैशांचा. ९४.५० आणि ८९.२५ असे दर दुकानात चालत नाहीत. बरेच जण दशांश लपवतात. मग मेतकूट ९५ दिसतं, पण आत ९४.५० च असतं. दहा पाकिटांचं बिल शीट ९४५ दाखवते आणि गिऱ्हाईक ९५० चा हिशेब धरून बसतं. त्यापेक्षा आकडा खरोखरच पूर्ण करावा. शेजारच्या मोकळ्या रकान्यात

```
=MROUND(C2,5)
```

असं लिहून खाली ओढलं की प्रत्येक दर जवळच्या पाचाच्या पटीत येतो. गोडा मसाला २५०, मेतकूट ९५, भाजणी ९०, कांदा-लसूण मसाला ३२५. हा रकाना कॉपी करून C वर पुन्हा Paste Special करायचं. यावेळी Values, आणि Operation मध्ये None.

एकदा असे पूर्ण केलेले दर मागे नेता येत नाहीत. नुसता गुणाकार झाला असेल तर `1.05` ने Divide करून जुने दर मिळतात. पण भाजणीचे ९० भागिले १.०५ केले तर ८५.७१ येतात, ८५ नाही. Ctrl+Z फाइल उघडी असेपर्यंतच साथ देतो. शिवाय या पद्धतीत दर कधी आणि कितीने वाढला याची कुठलीही खूण सेलमध्ये राहत नाही. एकाने सकाळी वाढवलेले दर दुसऱ्याने दुपारी पुन्हा वाढवले, तरी शीट काही बोलत नाही. म्हणून गुणाकाराआधी शीटच्या नावावर उजवं क्लिक करून Move or Copy मधून तिची प्रत काढावी आणि प्रतीच्या नावात महिना टाकावा. जुने दर त्या प्रतीत सुखरूप राहतात.

दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून आलेल्या याद्यांसाठीही हीच युक्ती उपयोगी पडते. तिथले आकडे पुष्कळदा मजकूर म्हणून येतात. ते सेलच्या डाव्या कडेला चिकटलेले असतात, कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसतो आणि SUM लावलं तर उत्तर शून्य येतं. अशा रकान्याला `1` ने Multiply केलं की किंमत तीच राहते, पण मजकुराचा आकडा होतो आणि बेरीज लागते.

लिबरऑफिस कॅल्कमध्ये हीच सोय Ctrl+Shift+V वर आहे. गूगल शीट्सच्या Paste special मध्ये गुणाकार-बेरजेचे पर्याय नाहीत. तिथे शेजारच्या रकान्यात `=C2*1.05` लिहून त्याची उत्तरं Values म्हणून मूळ जागी पेस्ट करावी लागतात.

दर वर्षातून एकदा बदलत असतील आणि नवा दर हाच यापुढचा मूळ दर असेल, तर Paste Special सारखा सोपा मार्ग नाही. पण कच्च्या मालाचे भाव दर आठवड्याला हलत असतील, किंवा चार टक्के की सहा हे अजून ठरायचं असेल, तर मूळ दर तसेच ठेवा. वाढीचा गुणक एका सेलमध्ये, समजा F1 मध्ये, लिहा आणि नव्या दरांच्या रकान्यात `=C2*$F$1` लिहून खाली ओढा. मग F1 मधला एक आकडा बदलला की सगळे दर बदलतात आणि जुने दर शेजारीच दिसत राहतात.