ग्रॅच्युइटीचा आकडा आला कुठून?

नोकरी सोडल्यावर काही आठवड्यांनी एचआरकडून एक पत्र येतं. वर ‘फुल अँड फायनल सेटलमेंट’ असं शीर्षक असतं. खाली तक्ता असतो: कामाच्या दिवसांचा पगार, शिल्लक रजेचे पैसे, नोटीस पिरियडची वजावट, टीडीएस आणि एका ओळीत ‘ग्रॅच्युइटी’. शेवटी छोट्या अक्षरांत एक वाक्य असतं, की मला माझी सर्व येणी मिळाली असून कंपनीकडे माझी कोणतीही मागणी उरलेली नाही. त्याखाली सहीची जागा. बहुतेक जण बेरीज तपासतात आणि सही करतात. बेरीज सहसा बरोबरच असते. चूक झाली, तर ती ग्रॅच्युइटीच्या त्या एका ओळीत लपलेली असते, कारण तिथे फक्त उत्तर लिहिलेलं असतं, गणित नसतं.

हे गणित तीन गोष्टींवर चालतं: शेवटचं वेतन, नोकरीची वर्षं आणि २६ हा आकडा. महिन्याच्या वेतनाला २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं आणि नोकरीच्या वर्षांनी गुणायचं. २६ का, तर चार साप्ताहिक सुट्ट्या वगळल्या की महिन्यात कामाचे साधारण तेवढेच दिवस उरतात. दहा किंवा अधिक माणसं काम करत असलेल्या आस्थापनेत सलग पाच वर्षं काढलेल्याला हा हक्क मिळतो. कर्मचाऱ्याचा मृत्यू झाला किंवा कायमचं अपंगत्व आलं, तर पाच वर्षांची अट लागत नाही.

चाकणच्या एखाद्या कारखान्यातल्या सुपरवायझरचं उदाहरण घेऊ. तो १० जून २०१७ ला कामावर लागला आणि १५ जानेवारी २०२६ हा त्याचा शेवटचा दिवस. महिन्याचे एकूण ४०,००० रुपये. त्यात बेसिक आणि महागाई भत्ता मिळून १६,०००, उरलेले २४,००० घरभाडे आणि वाहतूक यांसारख्या भत्त्यांचे. समजा, त्याच्या पत्रात ग्रॅच्युइटी लिहिली आहे ६४,००० रुपये. हा आकडा आला कुठून? सोळा हजारांचा निम्मा पगार, म्हणजे आठ हजार, गुणिले आठ वर्षं. ऐकायला ठीक वाटतं, पण त्यात तीन चुका आहेत.

पहिली चूक भागाकाराची. महिन्याचा निम्मा पगार धरणं म्हणजे ३० ने भागणं. कायद्यात २६ आहे. दुसरी चूक वर्षांची. त्याची नोकरी आठ वर्षं आणि सात महिन्यांवर काही दिवस झाली. शेवटच्या अपुऱ्या वर्षात सहा महिन्यांपेक्षा जास्त काम झालं असेल, तर ते पूर्ण वर्ष धरायचं असतं. म्हणजे नऊ वर्षं. एवढं दुरुस्त केलं, तरी रक्कम ८३,०७७ रुपये होते.

तिसरी चूक नवी आहे आणि सध्या सर्वांत जास्त नजरेतून सुटणारी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. सूत्र तेच राहिलं, पण ‘वेतन’ कशाला म्हणायचं हे बदललं. वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तर निम्म्यावरचा भाग वेतनात मिळवायचा. आपल्या सुपरवायझरचे भत्ते २४,००० आहेत आणि एकूण मोबदल्याचा निम्मा भाग २०,०००. वरचे ४,००० वेतनात आले, वेतन २०,००० झालं. वीस हजार भागिले २६, गुणिले १५, गुणिले ९ म्हणजे १,०३,८४६ रुपये. पत्रातल्या ६४,००० च्या शेजारी हा आकडा ठेवून पाहा.

म्हणून माझं ठाम मत आहे, की ग्रॅच्युइटीचं पत्र रकमेवर थांबता कामा नये. त्यात रुजू झाल्याची आणि शेवटच्या दिवसाची तारीख हवी, एकूण सेवा वर्षं-महिन्यांत हवी, धरलेलं वेतन आणि त्यातले घटक हवेत, किती वर्षं मोजली ते हवं आणि रक्कम कोणत्या दिवशी, कशी देणार ते हवं. ही काही जास्तीची अपेक्षा नाही. जुन्या नियमांतला कंपनीने कर्मचाऱ्याला द्यायचा ‘नमुना एल’ पाहा. त्यातच एकूण सेवा, शेवटच्या वेतनाचा दर आणि देय रक्कम असं छोटं गणित मांडायला जागा आहे. कर्मचाऱ्याने भरायचा मागणी अर्ज म्हणजे ‘नमुना आय’. नव्या नियमांत नमुन्यांची नावं बदलली, तरी पत्रात काय असावं ते बदलत नाही.

तारखांकडे विशेष लक्ष द्या. रिलिव्हिंग लेटर, फुल अँड फायनलचं पत्र आणि पीएफच्या खात्यात कंपनीने नोंदवलेली सोडल्याची तारीख, तिन्ही एकच हवी. पाच वर्षांच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसाचा सगळा हक्क या एका तारखेवर उभा असतो. मुदतीच्या करारावरच्या कामगाराला मात्र नव्या संहितेत एका वर्षाच्या सेवेवरही, सेवेच्या प्रमाणात, ग्रॅच्युइटी मिळते.

वजावटींच्या रकान्यात आणखी एक गोष्ट पाहावी. नोटीस पिरियड पूर्ण केला नाही म्हणून कापलेले पैसे पगाराच्या किंवा रजेच्या रकमेतून वजा झालेले दिसले, तर ते करारानुसार आहेत का ते तपासता येतं. पण तीच कपात ग्रॅच्युइटीच्या ओळीतून केली असेल, तर लेखी हरकत घ्यावी. ग्रॅच्युइटी रोखण्याची कारणं कायद्याने मोजकी ठेवली आहेत: कंपनीच्या मालमत्तेचं नुकसान केल्याबद्दल, दंगा किंवा हिंसाचाराबद्दल, नाहीतर नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्याबद्दल कामावरून काढून टाकलेलं असणं. नुकसानीच्या प्रकरणातही झालेल्या नुकसानीएवढीच रक्कम अडवता येते. स्वतःहून राजीनामा दिलेल्याला यातलं काहीच लागू होत नाही.

आता त्या छोट्या अक्षरांतल्या वाक्याबद्दल. पैसे खात्यात जमा होण्याआधी ‘सर्व येणी मिळाली’ यावर सही करू नये. सहीशिवाय चेक देत नाहीत, असं झालंच तर सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहावं: ‘ग्रॅच्युइटीच्या हिशेबाबाबत माझी हरकत कायम ठेवून रक्कम स्वीकारली’. त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. ग्रॅच्युइटी कायद्याने दिलेली आहे, त्यामुळे सही झाली म्हणून कमी दिलेली रक्कम माफ होत नाही. पण हरकत लिहिलेली असली, की पुढचं भांडण फार सोपं होतं.

पगाराची बाकी दोन कामाच्या दिवसांत द्यायची, असं नवी वेतन संहिता सांगते. राजीनामा दिलेल्यांनाही हे लागू आहे. ग्रॅच्युइटीला मात्र देय झाल्यापासून तीस दिवसांची मुदत आहे. कर्मचाऱ्याने अर्ज केला नाही, तरी हिशेब करून कळवण्याची जबाबदारी कंपनीचीच. तरीसुद्धा अर्ज करावा, रजिस्टर्ड पोस्टाने किंवा पोच घेऊन, सोबत शेवटची पेस्लिप आणि नेमणूकपत्राची प्रत जोडून. अर्ज नाकारला, तर नाकारण्याचं कारण लेखी मागावं. ते कारण किंवा कंपनीचं मौन घेऊनच सरकारी सक्षम अधिकाऱ्याकडे जाता येतं. जुन्या नियमांत त्यासाठी नव्वद दिवसांची मुदत होती, तीच डोळ्यांसमोर ठेवून हालचाल करावी.

तीस दिवस उलटले, तर उशिराच्या काळावर सरळव्याज लागतं. जुन्या कायद्याखाली त्याचा दर वर्षाला दहा टक्के होता. आपल्या सुपरवायझरच्या १,०३,८४६ रुपयांवर हे महिन्याला ८६५ रुपये होतात. पैसे उशिरा आले, तर सोबतच्या हिशेबात व्याजाची वेगळी ओळ आहे का ते पाहावं आणि नसेल, तर त्याच पत्राला उत्तर देऊन ती मागावी.