चार ओळी, बारा अक्षरं: वृत्ताच्या स्लाइड कशा वाचायच्या?

वृत्त-अलंकाराच्या स्लाइडवर व्याख्या असतात, पण त्या कवितेला लावायच्या कशा हे बरेचदा राहून जातं. मी विज्ञानाचा विद्यार्थी, त्यामुळे नमुना हातात घेतल्याशिवाय मला समजत नाही. दिवाळीच्या सुमारास यवतमाळकडे कापूस फुटतो, त्यावर मीच चार ओळी जुळवल्या आहेत:

तुझ्या पांढऱ्या शेतरानात आई
नवे ऊन हे बोंडबोंडात हासे
जसा पिंजलेला ढगांचा पसारा
तसे रान सारे मला आज भासे

ओळ पहिली. आधी लघु (ल) आणि गुरू (गा) लावू. ऱ्हस्व अक्षर लघु, दीर्घ अक्षर गुरू. तु-झ्या-पां, ढ-ऱ्या-शे, त-रा-ना, त-आ-ई. म्हणजे लगागा चार वेळा. लगागा हा य गण. चार य गण आले की वृत्त भुजंगप्रयात.

इथंच बहुतेक जण चुकतात. जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू, असा नियम स्लाइडवर असतो. मग ‘तुझ्या’मधला ‘तु’ लघु कसा? कारण गुरू होण्यासाठी त्या अक्षरावर आघात पडावा लागतो. ‘पुस्तक’ म्हणून बघा, ‘पु’वर जोर येतो. ‘तुझ्या’, ‘पांढऱ्या’ म्हणताना ‘तु’ किंवा ‘ढ’वर तो येत नाही. म्हणून डोळ्यानं नाही, कानानं तपासा.

ओळ दुसरी. न-वे-ऊ, न-हे-बों, ड-बों-डा, त-हा-से. ‘बों’ वर अनुस्वार आहे आणि ओकारही, तेव्हा तो गुरूच. निर्जीव ऊन हसतं, म्हणून चेतनगुणोक्ती. ‘बोंडबोंडात’ मध्ये ब आणि ड परत येऊन नाद होतो, तो अनुप्रास.

ओळ तिसरी. ज-सा-पिं, ज-ले-ला, ढ-गां-चा, प-सा-रा. ‘पि’ ऱ्हस्व आहे, पण अनुस्वारामुळे ‘पिं’ गुरू झाला. ‘जसा’ आला की तुलना सुरू झाली. ढगांचा पसारा हे उपमान.

ओळ चौथी. त-से-रा, न-सा-रे, म-ला-आ, ज-भा-से. रान हे उपमेय. ‘भासे’ दिसलं की लगेच उत्प्रेक्षा लिहू नका. रान म्हणजे जणू ढगच, असं म्हटलं असतं तर उत्प्रेक्षा. इथं ‘जसा-तसे’ नं दोन्ही वेगळे ठेवून फक्त सारखेपणा सांगितलाय, म्हणून उपमा. ‘हासे-भासे’ हे यमक दुसऱ्या आणि चौथ्या ओळीत जुळतं.

आता एक छोटा प्रयोग करा. पहिल्या ओळीत ‘तुझ्या’च्या जागी ‘माझ्या’ ठेवा. अक्षरं बाराच राहतात, पण पहिला गण गागागा होतो आणि मात्रा 20 च्या 21 होतात. चालीवर म्हणाल तर पहिल्याच शब्दाला अडखळाल. म्हणजे नुसती अक्षरं मोजून वृत्त ठरत नाही. लघु-गुरूंचा क्रम चारही ओळींत जुळावा लागतो.