चलनावरचे हरवलेले शून्य

गडचांदूर हे सिमेंटचे गाव. समजा, तेथील एका कारखान्याने मार्च २०२५ मध्ये कंत्राटदाराच्या ३ लाखांच्या बिलातून एक टक्का, म्हणजे ३,००० रुपये कर कापला आणि २८ एप्रिलला भरला. चलनावर एप्रिल दिसतो. पण विवरणपत्र जानेवारी-मार्च तिमाहीचे. कालावधी कपातीच्या तारखेवरून ठरतो, भरण्याच्या नव्हे.

भरण्याची ओळख मात्र चलनावरूनच पटते: बँकशाखेचा सात अंकी बीएसआर कोड, भरण्याची तारीख आणि पाच अंकी चलन क्रमांक. 0012345 सारखा कोड तक्त्यात संख्या म्हणून उतरवला, तर 12345 उरतो. रक्कम बरोबर असूनही जुळणी फसते आणि कंत्राटदाराच्या नावावर कर जमा दिसत नाही. म्हणून कोड मजकूर म्हणूनच उतरवावा आणि अंक मोजावेत. सात नसतील, तर मूळ चलन पुन्हा पाहावे.